सर म्हणले तूच लिहून आण, मी सही करतो. आता ते पत्र रशियनमध्ये कसं न्यायचं?

"ताई, मी लातूरची. बीएस्सी केमिस्ट्री झालंय, रशियात कझानला मास्टर्ससाठी अर्ज करायलेय. सरांचं रेकमेंडेशन लेटर लागतंय आणि सोबत रशियन भाषांतर पाहिजे. सर म्हणले तूच लिहून आण, मी सही-शिक्का देतो. नेटवरचा नमुना बघून इंग्रजीत लिहिलं. भावाचा एक मित्र तिकडं एमबीबीएस करून आलाय, त्यानं रशियन करून दिलं, थोडं वाढवून चांगलं केलंय म्हणला. मला त्यातलं एक अक्षर कळत नाही. सरांची सही रशियन पानावर घेऊ का? नोटरी लागेल का? दोन्हीचे फोटो पाठवलेत, बघून सांगा. – जाधव, लातूर"

रशियन पानावर सरांची सही घेऊ नकोस, हे पहिलं. सरांना रशियन येत नाही, तुलाही येत नाही, आणि त्या पानावर तर लिहिलंय की मी अमुक, अमक्या कॉलेजातला प्राध्यापक, ह्या मुलीची शिफारस करतो. उद्या कझानहून सरांना मेल आला की तुमच्या पत्रात ह्या प्रोजेक्टबद्दल लिहिलंय त्याचं जरा सविस्तर सांगा, तर सर काय सांगणार, पोरीनं कागद आणला न मी सही ठोकली? म्हणून पद्धत अशी असते की मूळ पत्र सरांचं, इंग्रजीत, कॉलेजच्या लेटरहेडवर, त्याच्यावर सही, शिक्का, तारीख सगळं, आणि त्याच्या मागं भाषांतराचं वेगळं पान. त्या पानावर सरांची सही नसतेच, भाषांतर करणाऱ्याची असते. वरती लिहायचं इंग्रजीतून रशियनमध्ये भाषांतर, खाली भाषांतरकाराचं नाव, सही, तारीख. मूळ पानावर जिथं सरांची सही आहे तिथं भाषांतरात चौकटी कंसात फक्त 'पोद्पिस' येतं, म्हणजे सही, आणि शिक्क्याच्या जागी 'पेचात' असं लिहून शिक्क्यात जे काही छापलंय ते रशियनमध्ये. दोन्ही पानं एकाच पीडीएफमध्ये, आधी मूळ मग भाषांतर.

(रशियन शब्द मी इथं देवनागरीत द्यायलेय, मित्राला वाचून दाखव, तो लगेच ओळखेल.)

आता तो मित्र म्हणतोय थोडं वाढवलंय, तर ते वाढवलेलं सगळं काढायला लाव. त्यानं चांगल्या मनानंच केलंय, पण तुझ्या इंग्रजी पत्रात आठ वाक्यं आहेत आणि रशियनमध्ये अकरा झालीत, त्यातल्या एकात तू 'फॅकल्टीतली सर्वोत्तम विद्यार्थिनी' आहेस म्हणे. मूळ पत्र शेजारीच जोडलेलं असतं, तिकडच्या कमिटीत इंग्रजी वाचणारे लोक असतातच, आणि एक वाक्य जास्तीचं सापडलं की पुढं तुझ्या मार्कशीटच्या भाषांतराकडंही संशयानंच बघणार. पत्रात काही चांगलं घालायचंच असेल तर ते आधी मूळ पत्रात घालायचं, सरांच्या संमतीनं, मग ते रशियनमध्ये आपोआप येतं.

आणि खरं सांगू का, तुझी अडचण रशियनपेक्षा इंग्रजीत जास्त आहे. तू जो नमुना घेतलास तो आपल्याकडच्या कॅरेक्टर सर्टिफिकेटचाच भाऊ आहे, इट गिव्ह्ज मी इमेन्स प्लेझर इथून सुरू होतो, मग हार्डवर्किंग, सिन्सिअर, ओबिडियंट, बेअर्स अ गुड मॉरल कॅरेक्टर, आणि शेवटी ब्राइट फ्युचरच्या शुभेच्छा. आपल्या कॉलेजात हे चालून जातं कारण वाचणारा ते वाचतच नाही, शिक्का आहे का तेवढं बघतो. रशियनमध्ये गेलं की ह्या शब्दांचं काय होतं ते बघ. ओबिडियंटचं त्यानं केलंय 'पस्लूश्नाया', जे लहान लेकराला म्हणतात, नाहीतर पाळलेल्या कुत्र्याला, की बाई मोठं गुणाचं आहे, सांगितलेलं ऐकतं. एमएस्सीला येणाऱ्या मुलीबद्दल प्राध्यापक असं लिहीत नाही. गुड मॉरल कॅरेक्टरचं झालंय 'मोराल्नो उस्तोयचिवा', आणि हे वाचून तिथला पन्नाशीच्या पुढचा माणूस हसणार हे मी लिहून देते, कारण सोव्हिएत काळात नोकरीला, परदेशी जायला, कशालाही एक 'खाराक्तेरीस्तिका' लागायची, म्हणजे वर्तनाचा दाखलाच, आणि त्यात 'राजकीयदृष्ट्या जाणकार, नैतिकदृष्ट्या स्थिर' हे ठरलेलं पालुपद असायचं. ते आता तिकडं विनोदातच ऐकू येतं. भाषांतर करणाऱ्याची त्यात चूक नाही, मूळच तसं आहे.

रशियन शिफारसपत्र कोरडं असतं. कौतुक असतं पण त्याच्या मागं काहीतरी केलेलं काम असतं, सर तुला कुठल्या विषयाला शिकवायचे, किती वर्षं, तू काय केलंस, त्यातून काय निघालं, आणि म्हणून मी हिची अमुक कोर्ससाठी शिफारस करतो. पान-दीड पानाच्या पुढं जायचं कारण नाही.

तर तू सरांकडं परत जा. तूच लिहून आण म्हणतात ह्यात काही विशेष नाही, सगळीकडं तसंच चालतंय, सरांकडं पन्नास पोरं येतात. पण जाताना तयार पत्र नेऊ नकोस, एक पान मुद्द्यांचं ने, तुझा प्रोजेक्ट, सेमिस्टर, विषय, मार्क, आणि सरांना म्हण की सर ह्यातलं तुम्हाला जे आठवतंय तेवढंच ठेवू, बाकीचं खोडा. दहा मिनिटं लागतील. सर स्वतःहून काहीतरी सांगतील जे तुला सुचलंच नसतं. तुझ्या पत्रात प्रोजेक्टची एकच ओळ आहे, 'शी हॅज कम्प्लीटेड अ प्रोजेक्ट ऑन वॉटर ॲनालिसिस'. फोटोच्या कडेला मात्र तू पेन्सिलीनं लिहिलंय २४ बोअर, ईडीटीए, जानेवारी-मे, ७ जास्त. ते तिथं कडेला का ठेवलंस गं? पत्र तर त्याचंच होतं!

ते असं लिहायचं. मराठीत सांगते, इंग्रजी तू कर: 'शेवटच्या वर्षी हिने माझ्या मार्गदर्शनाखाली लातूर तालुक्यातल्या २४ बोअरवेलच्या पाण्याची एकूण कठीणता ईडीटीए टायट्रेशनने मोजली, एकदा जानेवारीत आणि एकदा मे महिन्यात. प्रत्येक नमुन्याचं टायट्रेशन तीनदा केलं. मे महिन्यात ७ बोअरमध्ये कठीणता CaCO3 च्या हिशोबात लिटरला ६०० मिलिग्रॅमच्या वर निघाली, जी भारतीय मानकातली कमाल मर्यादा आहे.' बस, तीन-चार वाक्यं. तीनदा केलं की दोनदा ते तुझं तू बघ, मी उदाहरण म्हणून लिहिलंय, जे झालंय तेच लिही. आणि सरांना आठवत असेल की सुरुवातीला हिचे रीडिंग जुळत नव्हते, मग हिने बफर पुन्हा बनवून पीएच १० ला आणला आणि वाइन-रेडचा निळा रंग नीट यायला लागला, तर ते सुद्धा येऊ दे. असं वाक्य शेजारी उभं राहून बघितलेला माणूसच लिहू शकतो, आणि पलीकडं पत्र वाचणारा प्राध्यापक स्वतः केमिस्ट आहे, त्याला ते बरोबर कळतं. तू जिथं अर्ज करायलीस तिथली केमिस्ट्रीची संस्था बुटलेरोव्ह ह्या रशियन केमिस्टच्या नावानं आहे, रुथेनियम हे मूलद्रव्य १८४४ मध्ये कझानलाच सापडलं, तिथल्या लोकांपुढं 'हार्डवर्किंग अँड सिन्सिअर' काय चालणार.

आता हेच वाक्य रशियनमध्ये नेताना एमबीबीएसवाला अडकेल, कारण तो डॉक्टर आहे, केमिस्ट नाही. ईडीटीए म्हणलं तरी तिकडं कळतंच, पण रशियन लॅबमध्ये बाटलीवर असतं 'त्रिलोन बे', तेच आपलं ईडीटीएचं डायसोडियम सॉल्ट. टायट्रेशनच्या ह्या प्रकाराला 'कम्प्लेक्सनमेत्रीया' म्हणतात. एवढे दोन शब्द त्याला दे, म्हणजे ते वाक्य केमिस्टनं लिहिल्यासारखं वाटेल. युनिटचं मात्र जपून. आपण कठीणता CaCO3 च्या हिशोबात लिटरला मिलिग्रॅममध्ये मोजतो, रशियात 'ग्रादुस झोस्तकस्ती' म्हणजे कठीणतेचा अंश वापरतात आणि एक अंश म्हणजे आपले साधारण ५० मिलिग्रॅम. मग ६०० चे १२ होतात. एखादा हुशार भाषांतरकार बदलून १२ लिहील. बदलू द्यायचं नाही. मूळ पानावर ६०० आहे तर भाषांतरातही ६००च, फक्त 'CaCO3 च्या हिशोबात' हे शब्द सोडायचे नाहीत, ते सुटले की तिकडच्या माणसाला आकडा नेमका कशाचा ते कळणार नाही. सीजीपीएचंही तेच, तुझे ८.४२ आहेत तर रशियनमध्ये टिंबाच्या जागी स्वल्पविराम येईल, ८,४२, आणि पुढं 'दहाच्या स्केलवर' हे लिहावंच लागेल कारण त्यांच्याकडं पाचाचं स्केल आहे. पण ८.४२ चे त्यांच्या हिशोबात किती होतात ते गणित भाषांतरकारानं करायचं नाही.

मित्राच्या रशियनबद्दल बोलू. वाईट नाही, खरंच नाही, पोरगं सहा वर्षं तिथं राहिलंय, व्याकरण बऱ्यापैकी आहे. पण ते होस्टेलचं न हॉस्पिटलचं रशियन आहे, कागदाचं नाही. त्यानं सुरुवात केलीय 'झ्द्रास्त्वुय्त्ये, दरागाया कमीसिया', म्हणजे नमस्कार, लाडक्या कमिटी असं काहीतरी. इंग्रजीत डिअर असतं म्हणून त्यानं 'दरागाया' घेतलं, पण रशियनमध्ये ते घरच्या माणसाला लिहितात. इथं पाहिजे 'उवाझायेमिये च्लेनी प्रियोम्नय कमीसिइ', प्रवेश समितीच्या आदरणीय सदस्यांनो, आणि त्याच्या पुढं उद्गारचिन्ह. ते बघून तू दचकशील, आपल्याकडं उद्गारचिन्ह म्हणजे ओरडल्यासारखं, पण रशियन ऑफिशियल पत्रात संबोधनापुढं तेच नेहमीचं, काढायला लावू नकोस. त्याच्या वर, उजव्या कोपऱ्यात, कुणाला पाठवतोय ते येतं, विद्यापीठाचं पूर्ण अधिकृत नाव. कझानच्या विद्यापीठाच्या रशियन नावात 'प्रिवोल्झ्स्की' हा शब्द कंसात येतो, तो गाळू नका, त्यांच्या साइटच्या रशियन पानावरून जसंच्या तसं उचला. मग मधोमध 'रेकमेंदातेल्नये पिस्मो', शिफारसपत्र. आणि शेवटी 'स उवाझेनियेम', त्याच्या खाली सरांचं पद, विभाग, नाव. मित्रानं शेवटी जे 'खूप खूप धन्यवाद, ऑल द बेस्ट' लिहिलंय ते काढ.

मध्ये एका ठिकाणी त्यानं तुला 'देवच्का' म्हणलंय. देवच्का म्हणजे शाळेतली पोर. तिथं 'स्तुदेन्त्का' पाहिजे, आणि नंतर प्रत्येक वेळी तुझं आडनाव नाहीतर सर्वनाम. रशियन पत्रात एक ठराविक वाक्य असतं, 'जारेकमेंदवाला सिब्या' म्हणजे हिने स्वतःला अमुक अमुक म्हणून सिद्ध केलंय, त्याच्या पुढं जबाबदार, मन लावून काम करणारी वगैरे येतं. हे त्या लोकांचं घासून गुळगुळीत झालेलं वाक्य आहे पण असू दे, एकदा असलं की पत्र ऑफिशियल वाटतं. दोनदा नको.

एक गोष्ट मात्र तू स्वतः त्याला सांग, इंग्रजी पानावरून त्याला कळणार नाही. रशियनमध्ये भूतकाळ आपल्यासारखाच बाई-पुरुषाप्रमाणं बदलतो. तुझ्याबद्दल 'प्रयाविला', म्हणजे हिने दाखवलं, असं आलं पाहिजे, 'प्रयाविल' आलं तर मुलगा झाला. आणि सरांचं 'मी शिकवलं' हेही तिथं शिकवणाऱ्याप्रमाणं बदलतं, सर असतील तर 'प्रिपदवाल', मॅडम असतील तर 'प्रिपदवाला'. आपल्या लोकांच्या सहीखाली नुसती इनिशियल न आडनाव असतं, भाषांतरकार अंदाजानं एक धरतो. फोटोत तुझ्या सरांचं शेवटी 'ला' झालंय, म्हणजे सरांची मॅडम झाली.

आता जिथं खरं नुकसान होऊ शकतं तिथं येऊ. कॉलेज हा शब्द. त्यानं सरळ 'कोलेद्झ' लिहिलंय, आणि कुणीही तेच लिहील. पण रशियात कोलेद्झ म्हणजे शाळेनंतरचं व्यावसायिक शिक्षण, आपल्या आयटीआय-पॉलिटेक्निकच्या जवळचं, तिथून पदवी मिळत नाही. आता बघ, तू मास्टर्सला, त्यांच्या भाषेत 'मागिस्त्रातूरा'ला अर्ज करायलीस, तिथं आधी पदवी लागते, आणि पत्रात लिहिलंय की ही आमच्या कोलेद्झची विद्यार्थिनी आहे. पत्र पहिल्या फेरीत चाळणाऱ्या क्लार्कला वाटणार की ह्या मुलीकडं पदवीच नाही. मार्कशीट नीट बघितल्यावर कळेल, पण नीट बघायच्या आधीच फाइल बाजूला पडली तर? म्हणून मूळ इंग्रजी पत्रातच, पहिल्या नाहीतर दुसऱ्या वाक्यात, सरांना लिहायला सांग की आमचं कॉलेज स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ, नांदेडशी संलग्न आहे आणि ही विद्यार्थिनी त्या विद्यापीठाची बीएस्सी पदवी तीन वर्षांत पूर्ण करून गेली. मग रशियनमध्ये कोलेद्झ शब्द राहिला तरी चालतो, कारण शेजारी विद्यापीठ आलं, आणि 'बाकालाव्र' म्हणजे पदवीधर हा शब्द आला. भाषांतरकारानं मनानं कॉलेजचं विद्यापीठ करायचं नाही, ते खोटं होईल. मूळ नाव ठेवायचं, संलग्नता सांगायची. बाकी 'डिपार्टमेंट'ला 'काफेद्रा' म्हणायचं, त्यानं 'देपार्तामेंत' केलंय, समजेल पण विद्यापीठातला रोजचा शब्द काफेद्रा.

सरांच्या पदव्यांचंही असंच आहे. सरांची पीएचडी आहे आणि मित्रानं 'दोक्तर नाऊक' लिहिलंय. रशियात दोन डॉक्टरेट असतात, आधी 'कांदिदात नाऊक', मग त्याच्या बऱ्याच वर 'दोक्तर नाऊक', आणि ती दुसरी फार थोड्यांकडं असते. त्यानं सरांना न मागता बढती दिलीय. कांदिदात पण नको लिहू, त्या पदव्यांची बरोबरी ठरवणं हे भाषांतरकाराचं काम नव्हे. केमिस्ट्रीतली पीएचडी पदवी, असं सरळ लिहायचं, पीएचडी ही अक्षरं रोमनमध्येच ठेवून, तिथं ती सगळ्यांना माहीत आहेत. असोसिएट प्रोफेसरला 'दोत्सेंत' चालतं. तुझे सर असिस्टंट प्रोफेसर असतील तर 'असिस्तेंत' एवढंच लिहू नका, तिथं तो अगदी खालचा, नुकताच लागलेला माणूस असतो. 'असिस्तेंत-प्रफेसर' असा जोडशब्द ठेवा.

नाव. पासपोर्ट काढ आणि समोर ठेव. आपल्याकडं मार्कशीटवर आडनाव आधी, मग तुझं नाव, मग वडिलांचं, शिवाय वेगळ्या रकान्यात आईचं. पासपोर्टवर आडनाव वेगळ्या ओळीत, आणि तुझं न वडिलांचं नाव मिळून एका ओळीत. तू पत्रात तिसराच क्रम लिहिलायस. रशियन माणसाला नाव, वडिलांवरून आलेलं 'ओत्चिस्त्वो' आणि आडनाव ह्या तीन भागांची सवय असते, म्हणून मित्रानं तुझ्या वडिलांचं नाव ओत्चिस्त्वोच्या जागी टाकलं. ते ओत्चिस्त्वो नाही, त्याला रशियन शेपटी लागत नाही, आणि पासपोर्टमध्ये ते तुझ्या नावाच्या ओळीत आहे तर भाषांतरातही तिथंच राहिलं पाहिजे. दुसरं, जाधव. त्यानं पत्रात 'याधाव' केलंय, मार्कशीटच्या भाषांतरात दुसऱ्या कुणी तरी 'जाधाव' केलंय, आणि युरोपातली स्पेलिंगं वाचायची सवय असलेला तिसरा माणूस 'झाधाव' करेल, कारण इंग्रजी J अक्षर बघून ज्याला जे वाटतं ते तो लिहितो. बरोबर कोणतं म्हणशील तर त्यांचं दे आणि झे जोडून होणारा 'ज', आपल्या जाधवसारखाच. पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे सगळीकडं एकच. रशियन व्हिसावर नाव रशियन लिपीतही छापलेलं असतं, आणि पत्रात याधाव, मार्कशीटमध्ये जाधाव असलं की तिथं गेल्यावर ह्या दोन मुली एकच आहेत हे सिद्ध करत फिरावं लागतं. पासपोर्टचं भाषांतर आधी करून घे, त्यातलं नाव कॉपी कर, न प्रत्येक कागदावर तेच डकव.

नावाबद्दल अजून एक, नाहीतर तू घाबरशील. तुझ्या वर्गातल्या एखाद्या जाधव आडनावाच्या मुलाचं पत्र बघितलंस तर त्यात कुठं 'जाधावा', कुठं 'जाधावु' दिसेल, कारण तिथं आडनावालाही विभक्ती लागते. मुलीचं आडनाव व्यंजनानं संपत असेल तर लागत नाही, म्हणून तुझं सगळीकडं एकसारखंच दिसलं पाहिजे. तुझ्या पानावर तिसऱ्या ओळीत 'याधावा' झालंय, म्हणजे तिथंही तुला मुलगा केलंय. शिंदे, कुलकर्णी असतीस तर हा ताप कुणालाच नव्हता, ती आडनावं तिकडं मुलाची असोत की मुलीची, बदलतच नाहीत.

शिक्क्याचं ऐक. सरांच्या विभागाचा शिक्का मराठीत आहे, फोटोत दिसतोय, आणि लेटरहेडवर वरती संस्थेचं नाव मराठीत, घोषवाक्य संस्कृतात. भाषांतर इंग्रजीतून रशियन आहे, मग हे मराठी कोण करणार? मित्रानं ते गाळलंय. शक्य असेल तर ऑफिसात इंग्रजी गोल शिक्का असतो तो मार, बहुतेक कॉलेजात दोन्ही असतात, क्लार्कला विचार. घोषवाक्य राहिलं तर राहू दे. जावक क्रमांक मात्र टाकून घे, आळस करू नकोस, रशियन ऑफिसात हीच पद्धत आहे, तिथं त्याला 'इस्खद्याशी नोमेर' म्हणतात, आणि जावक क्रमांक न तारीख असलेलं पत्र त्यांना ऑफिसातून निघालेलं पत्र वाटतं. तारीख भाषांतरात दिवस, महिन्याचं नाव, वर्ष अशी अक्षरात लिहा, नुसते आकडे नको.

नोटरी. विद्यापीठाच्या पानावर नेमके कुठले शब्द आहेत ते मित्राला वाचायला सांग. नुसतं 'पिरिवोद' म्हणजे भाषांतर म्हणलं असेल तर भाषांतरकाराची सही पुरे. 'नतारिआल्न जावेरिन्नी' म्हणलं असेल तर नोटरीकडून प्रमाणित, आणि ते म्हणजे लातूरला कोर्टासमोर बसतात त्या वकीलसाहेबांचा शिक्का नव्हे. रशियात नोटरीला स्वतःला ती भाषा येत असेल तर तो भाषांतर बरोबर आहे म्हणून सही करतो, नसेल येत तर त्याच्यापुढं भाषांतरकार सही करतो आणि नोटरी त्या सहीची खात्री देतो. इथं राहून तसंच काही पाहिजे असेल तर मुंबईतलं रशियन कॉन्सुलेट भाषांतर प्रमाणित करून देतं, फी घेतात, आधी फोन करून वेळ घ्यावी लागते. पण हा सगळा थाट मुख्यतः पदवी, मार्कशीट, पासपोर्टसाठी असतो. शिफारसपत्राला तो साधारण मागत नाहीत, आणि अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात खरा धरावा म्हणून सरकार देतं तो शिक्का, तो तर अजिबात नाही, ते सरकारी-शैक्षणिक कागदाला लागतं. कुणी एजंट पत्राला अपोस्टिल करून देतो म्हणून पैसे मागत असेल तर सरळ नाही म्हण.

मित्राला सोडू नकोस, त्याच्याकडूनच दुरुस्त करून घे, पण सही करणारा दुसरा बघ, पुण्यात न मुंबईत रशियन शिकवणारे, भाषांतर करणारे लोक आहेत, एका पानाचं काम आहे. मुंबईत पेडर रोडला रशियन हाऊस आहे, तिथं भाषेचे वर्ग चालतात, तिथं विचारलंस तरी कुणीतरी सापडेल. आणि तुला स्वतःला रशियन न येता तपासायचंय ना, तर असं कर: ज्यानं ते पान आधी बघितलेलं नाही आणि ज्याला रशियन येतं अशा कुणाला तरी फोनवर ते वाचून मराठीत सांगायला लाव, इंग्रजी पान त्याला दाखवायचं नाही, तू समोर धरून बसायचं. तो सांगत जाईल, तू ओळ-ओळ जुळवत जा. २४ चे २४ आहेत का, ६०० आहेत का, जानेवारी-मे आहे का, कोर्सचं नाव केमिस्ट्रीच आहे का. कोर्सला त्यांच्याकडं कोड असतो, केमिस्ट्रीच्या मास्टर्सचा 04.04.01, मधल्या जोडीतलं 04 म्हणजे मास्टर्स, 03 असतं तर पदवीचा. तुझ्या मित्राच्या पानावर 04.03.01 आहे. म्हणजे सर तुझी परत बीएस्सीसाठीच शिफारस करायलेत. कोड तू अर्जात जो टाकलाय तोच पत्रात पाहिजे, आणि सरांच्या इंग्रजी पत्रातही घाल, म्हणजे तो कुठून आला असा प्रश्न यायला नको.

सरांचा ईमेल कॉलेजचा असेल तर तो दे, नसला तर जो ते रोज बघतात तो दे, आणि त्यांना सांगून ठेव की रशियातून काही आलं तर स्पॅममध्येही बघा. पोर्टलवर शेवटची वेळ मॉस्कोची लिहिलेली असते, कझानलाही तीच चालते, आपल्या मागं अडीच तास. पण त्या अडीच तासांच्या भरवशावर राहू नकोस, उन्हाळ्याच्या सुट्टीत कॉलेजचं ऑफिस बंद झालं की शिक्का जूनपर्यंत कपाटात, तेव्हा सरांकडं ह्याच आठवड्यात जा.